ओरिजिनल ठेवू की कॉम्प्रेस करू?

गॅदरिंगचा सीझन संपला की कॉलेजच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिला, ‘फोटो कधी टाकणार?’ आणि दुसरा, थोडा उशिरा येणारा, ‘अरे, माझं स्टोरेज फुल झालंय, कुणीतरी सांगा काय उडवू?’ या दुसऱ्या मेसेजवर मिळणारे सल्ले भारी असतात. कुणी म्हणतं, जुने फोटो उडव. कुणी म्हणतं, नवीन अकाउंट काढ. आणि एक जण हमखास म्हणतो, ‘क्वालिटी कमी कर ना सेटिंगमध्ये, लगेच जागा होईल.’

हा शेवटचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर सल्ल्यानेच जास्त घोळ होतात. म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेऊ. गुगल फोटोजमध्ये फोटो ‘ओरिजिनल’ चढवला आणि ‘कॉम्प्रेस’ करून चढवला, तर तुमच्या 15 जीबीचं नक्की काय होतं? आणि तुमच्या फोटोचं काय होतं?

आधी या 15 जीबीबद्दल. ती एकट्या फोटोंची नाही. जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि गुगल फोटोज या तिघांची मिळून ती एकच टाकी आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता याच टाकीत मोजला जातो. एकाने नळ उघडा ठेवला की बाकीच्यांचं पाणी जातं. टाकी भरली की फक्त फोटो चढायचे थांबत नाहीत, तुमच्या जीमेलवर मेल येणं आणि जाणंही थांबतं. म्हणजे इंटर्नशिपचा मेल तुम्हाला आला, तर तो पाठवणाऱ्याकडे परत जाईल आणि तुम्हाला काही कळणारही नाही. प्लेसमेंटच्या दिवसांत हे किती महागात पडेल ते टीवायच्या मुलांना सांगायला नको.

आता क्वालिटी. अॅपमध्ये तुमच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करून Photos settings, मग Backup, मग Backup quality असं गेलात की मुख्य दोन पर्याय दिसतात: Original quality आणि Storage saver. पहिल्यात कॅमेऱ्याने जी फाइल बनवली ती जशीच्या तशी वर जाते आणि तेवढीच जागा तुमच्या खात्यातून वजा होते. दुसऱ्यात फाइल लहान करून ठेवली जाते आणि तिच्या लहान आकाराएवढी जागा वजा होते. ‘स्टोरेज सेव्हर’ फुकट आहे असं आजही अनेकांना वाटतं. ते एकेकाळी खरं होतं, पण आता नाही. 1 जून 2021 पासून कॉम्प्रेस केलेले फोटोही कोट्यात मोजले जातात. (त्या तारखेच्या आधीच्या फोटोंची एक वेगळीच गंमत आहे, तिच्याकडे शेवटी येतो.)

लहान करतात म्हणजे काय करतात?

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि आपण त्या एकच समजतो.

पहिली गोष्ट म्हणजे मापं कमी करणं. स्टोरेज सेव्हरमध्ये फोटोला 16 मेगापिक्सेलची मर्यादा आहे. फोटो त्याहून मोठा असेल तर तो 16 वर आणला जातो. व्हिडिओला 1080पी ची मर्यादा आहे. त्यावरचा असेल, म्हणजे 4के वगैरे, तर तो 1080पी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइल पुन्हा दाबून बसवणं. जेपीईजी फोटोमध्ये चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनातले ढोबळ बदल नीट जपायचे आणि अगदी बारीक चढउतार थोडे ‘राउंड ऑफ’ करायचे, अशी ती युक्ती आहे. आपले डोळे उजेड-अंधारातला फरक चटकन टिपतात, रंगातला बारीक फरक तितका टिपत नाहीत. त्यामुळे रंगाची माहिती आणखी कमी ठेवली तरी चालून जातं. कॅमेऱ्याने फोटो साठवताना हे एकदा केलेलंच असतं. स्टोरेज सेव्हर तेच जरा कडक हाताने पुन्हा करतं.

आता तुमच्या फोनकडे बघा. डब्यावर ‘50 मेगापिक्सेल’ लिहिलेलं असलं तरी नेहमीच्या मोडमध्ये तो बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण 12 मेगापिक्सेलचा फोटो देतो. म्हणजे तो आधीच 16 च्या आत आहे. स्टोरेज सेव्हर त्याची लांबी-रुंदी अजिबात कमी करत नाही. फक्त दुसरी गोष्ट होते, पुन्हा दाबणं. त्यामुळे साध्या फोटोत फरक शोधायला बसलात तर कंटाळाल. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर मुळात अडीच मेगापिक्सेलच्या आसपासच ठिपके असतात. 12 मेगापिक्सेलचा फोटो तिथे पूर्ण दिसतच नाही, तो लहान होऊनच दिसतो. ‘मी दोन्ही बघितले, सेम आहेत’ असं फोनवर बघून म्हणणाऱ्याचं म्हणूनच फारसं मनावर घेऊ नका.

फरक बघायचाच असेल तर लॅपटॉपवर दोन्ही फाइल्स डाउनलोड करा, 100 टक्के झूम करा आणि त्रास होण्याच्या जागा बघा. काळ्या पार्श्वभूमीवरचे लाल-निळे स्टेज लाइट, मोकळे केस, साडीच्या काठावरचं बारीक विणकाम, बॅनरवरची छोटी अक्षरं. तिथे कडांभोवती जरासा गढूळपणा किंवा चौकोनी डाग दिसले तर ते कॉम्प्रेशनचे. दुपारी मैदानात काढलेल्या ग्रुप फोटोत बहुधा काहीच सापडणार नाही.

पण तुम्ही मुद्दाम 50 मेगापिक्सेलचा मोड लावून फोटो काढला असेल तर गोष्ट बदलते. समजा, तुम्ही बाल्कनीतून पूर्ण स्टेजचा असा फोटो काढला आणि नंतर त्यातली एकच नाचणारी मुलगी क्रॉप करायची आहे. ती फ्रेमचा चौथा हिस्सा व्यापते. ओरिजिनलमधून क्रॉप केलात तर साधारण साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो हातात येतो. स्टोरेज सेव्हरमध्ये गेलेल्या फोटोतून केलात तर फक्त चार. इन्स्टासाठी चारही रग्गड, कारण तिथे फोटो 1080 पिक्सेल रुंदीवरच येतो. कॉलेजच्या वार्षिकांकात पूर्ण पान छापायचं असेल तर मात्र नाही. ए4 पानाला 300 डीपीआयने छापायला साधारण पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. याच हिशेबाने हेही लक्षात येईल की तुमचा साधा 12 मेगापिक्सेलचा फोटो, स्टोरेज सेव्हरमधला असला तरी, त्या पानाला पिक्सेलच्या बाबतीत पुरून उरतो.

खरा खादाड कोण?

आता जागेचा हिशेब घालू. एक कल्चरल सेक्रेटरी डोळ्यांसमोर आणा. तिच्या खात्यात मेल आणि ड्राइव्हवरच्या नोट्स मिळून 3 जीबी आधीच गेलेत, म्हणजे 12 जीबी शिल्लक. गॅदरिंगच्या चार दिवसांत तिने 1,800 फोटो काढले आणि तीस मिनिटांचे 4के व्हिडिओ घेतले. फोटो सरासरी 4 एमबीचा धरू. व्हिडिओसाठी आयफोनच्या सेटिंगमध्ये जो अंदाज लिहिलेला असतो तोच वापरू: 4के, सेकंदाला 30 फ्रेम, जुन्या आणि सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये मिनिटाला साधारण 350 एमबी.

ओरिजिनलमध्ये फोटोंना लागले 7.2 जीबी. व्हिडिओला 10.5 जीबी. एकूण 17.7. बसतच नाही.

थांबा, जरा त्या दोन आकड्यांकडे पुन्हा बघा. चार दिवसांचे अठराशे फोटो एका बाजूला आणि फक्त अर्ध्या तासाचा व्हिडिओ दुसऱ्या बाजूला, तरी व्हिडिओच जड. आणि आपण फोटो उडवत बसतो! ‘हा डोळे मिटलेला डिलीट, तो ब्लर आलाय डिलीट’ असे शंभर फोटो उडवून 400 एमबी मिळवतो, आणि तिकडे सव्वा मिनिटाचा, हात हलत असताना घेतलेला, अर्धा अंधारातला 4के व्हिडिओ तेवढीच जागा अडवून बसलेला असतो.

आता तिने सगळं स्टोरेज सेव्हरवर टाकलं असं धरू. दाबल्यावर फोटो किती लहान होईल हे फोटोगणिक बदलतं, आपण हिशेबापुरता निम्मा धरू. म्हणजे 3.6 जीबी. व्हिडिओ 1080पी होणार. 4केच्या एका फ्रेममध्ये 1080पीच्या चौपट पिक्सेल असतात, तेव्हा बचतही तशीच मोठी. फोनने तोच व्हिडिओ मुळात 1080पी मध्ये घेतला असता तर त्याच जुन्या फॉरमॅटमध्ये मिनिटाला 130 एमबी लागले असते. तोच आकडा धरला तर 3.9 जीबी. एकूण साडेसात. आरामात बसलं, वर साडेचार जीबी उरले.

बघा, बचत झाली दहा जीबीपेक्षा थोडी जास्त. त्यातली साडेसहा जीबीहून अधिक एकट्या व्हिडिओची. म्हणून माझं मत विचाराल तर ‘फोटो ओरिजिनल की कॉम्प्रेस’ हा वाद घालण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ 1080पी करून टाका. 4के फक्त तेव्हाच लावा जेव्हा तो व्हिडिओ एडिट होणार आहे, क्रॉप होणार आहे किंवा मोठ्या पडद्यावर दिसणार आहे. रोजच्या कॅन्टीनच्या व्हिडिओला 4के कशाला?

आता या सेक्रेटरीला शंभर निवडक फोटो वार्षिकांकासाठी आणि फोटोग्राफी स्पर्धेसाठी ओरिजिनल हवेच आहेत. शंभर फोटो म्हणजे फक्त 0.4 जीबी. उरलेले 1,700 स्टोरेज सेव्हरमध्ये 3.4 जीबी, व्हिडिओ 3.9. एकूण 7.7. म्हणजे सगळंच कॉम्प्रेस करण्यापेक्षा फक्त 0.2 जीबी जास्त! हे करायचं कसं? क्वालिटीचं सेटिंग फोटो वर चढताना जे असेल ते लागू होतं. तेव्हा आधी ऑटो बॅकअप बंद करायचा, क्वालिटी ओरिजिनलवर ठेवायची, ते शंभर फोटो निवडून हाताने बॅकअप करायचे. ते पूर्ण चढल्यावर सेटिंग स्टोरेज सेव्हरवर न्यायचं आणि मग ऑटो बॅकअप सुरू करायचा. एवढा खटाटोप नको असेल तर ते शंभर फोटो ड्राइव्हवर एक फोल्डर करून टाका. ड्राइव्ह फोटोला हात लावत नाही, फाइल आहे तशी ठेवतो आणि तेवढी जागा मोजतो. लॅपटॉपवरून गुगल फोटोजला अपलोड करणार असाल तर तिथलंही क्वालिटी सेटिंग एकदा बघून घ्या.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची मात्र काळजीच करू नका. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअॅपने आधीच लहान केलेला असतो. तो तुम्ही ‘ओरिजिनल’ चढवलात तरी ते त्या लहान फोटोचंच ओरिजिनल. गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. म्हणूनच फोटोग्राफरकडून फोटो घेताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगतात.

परत न येणारा रस्ता

आता घोळ कुठे होतात ते सांगते. पहिला म्हणजे, सेटिंग बदललं की जुनी जागा मोकळी होईल ही समजूत. नाही होत. सेटिंग पुढच्या फोटोंना लागू होतं. आधी ओरिजिनल चढलेले अठराशे फोटो तसेच राहतात आणि तेवढीच जागा खातात. ग्रुपवरचा तो ‘क्वालिटी कमी कर, लगेच जागा होईल’ वाला सल्ला इथे गंडतो.

जुने फोटो लहान करण्यासाठी वेगळं बटण आहे. ब्राउझरमध्ये photos.google.com/settings उघडलंत की Recover storage नावाचा पर्याय दिसतो. ते दाबलं की खात्यातले ओरिजिनल फोटो आणि व्हिडिओ स्टोरेज सेव्हरमध्ये बदलतात. सगळेच. ‘हे शंभर सोडून’ असं सांगायची सोय त्यात नाही. आणि हे झालं की झालं, उलटं फिरवता येत नाही. तुमच्या फोनमधल्या फाइल्सना त्याने धक्का लागत नाही, पण क्लाउडवरच्या ओरिजिनल गेल्या. तेव्हा त्या बटणाला हात लावण्याआधी हवे ते ओरिजिनल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्या आणि तिथून दोन-चार फाइल्स उघडून बघा. कॉपी झाली असं वाटणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

दुसरा घोळ जास्त घातक, कारण तो शांतपणे होतो. अॅपमध्ये Free up space नावाचं बटण आहे. फोन भरला की आपण ते बिनधास्त दाबतो. ते काय करतं? जे फोटो बॅकअप झालेत ते फोनमधून काढून टाकतं. तुमचं सेटिंग ओरिजिनल असेल तर काही बिघडत नाही, वर तीच फाइल आहे. पण स्टोरेज सेव्हर असेल तर फोनमधली फाइल हीच एकमेव ओरिजिनल होती. ती गेली की उरतं ते कॉम्प्रेस केलेलंच. महिन्याभराने तुम्ही स्पर्धेसाठी तो 50 मेगापिक्सेलचा फोटो डाउनलोड करता आणि हातात 16 मेगापिक्सेलचा येतो. त्यानंतर सेटिंग ओरिजिनलवर नेऊनही उपयोग नाही, कारण मूळ फाइल आता कुठेच नाही.

एखाद्या फोटोचं नक्की काय झालंय हे ओळखणं सोपं आहे. फोटो उघडून वर स्वाइप करा, किंवा लॅपटॉपवर माहितीच्या ‘आय’ चिन्हावर क्लिक करा. तिथे फोटोची मापं, मेगापिक्सेल आणि तो कुठल्या क्वालिटीत बॅकअप झालाय ते कळतं. सेटिंगमध्ये काय लिहिलंय यापेक्षा इथे काय दिसतंय त्यावर विश्वास ठेवा.

जागा खरोखर कोण खातंय हे बघायचं असेल तर photos.google.com/quotamanagement हे पान उघडा. मोठे फोटो आणि व्हिडिओ तिथे वेगळे काढून दाखवलेले असतात. तिथून काही उडवलंत तर ट्रॅशही रिकामा करा. बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर 60 दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि तोवर तुमची जागा अडवतात. ‘मी दोन जीबी उडवले तरी आकडा हलत नाहीये’ अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच असतं.

ग्रुप अल्बमबद्दलही विचारलं जातं. ट्रिपचा एक शेअर्ड अल्बम, त्यात वीस जण, मग जागा कुणाची जाते? ज्याने फोटो चढवला त्याची. बाकीचे नुसते बघत असतील तर त्यांचं काही जात नाही. पण एखादा फोटो तुम्ही ‘सेव्ह’ करून स्वतःच्या लायब्ररीत घेतलात की तुमचाही कोटा खर्च होतो. तेव्हा आपले तेवढे घ्या, अख्खा अल्बम घेऊ नका.

काही जण यावर उपाय म्हणून कॉलेजच्या आयडीवर फोटो टाकतात. तिथली जागा किती हे कॉलेज ठरवतं आणि तुम्ही पास आउट झाल्यावर तो आयडी बंद करणंही कॉलेजच्याच हातात असतं. असाइनमेंटसाठी ठीक, पण ट्रिपच्या फोटोंसाठी मला ते पटत नाही.

आणि आता ती 2021 आधीची गंमत. 2015 मध्ये गुगल फोटोज सुरू झालं तेव्हापासून 31 मे 2021 पर्यंत आजच्या स्टोरेज सेव्हरचं नाव ‘हाय क्वालिटी’ होतं आणि ते खरंच फुकट आणि अमर्याद होतं. त्या काळात तसे चढलेले फोटो आजही कोट्यात मोजले जात नाहीत. घरच्यांच्या जुन्या फोनवरून, तुमच्या शाळेच्या दिवसांत चढलेले फोटो बहुधा यातलेच असतील. स्टोरेज भरलं की आपण सगळ्यात आधी अगदी खाली स्क्रोल करत जातो आणि तेच जुने फोटो उडवायला घेतो. पण ते शून्य जागा घेतात. सहावीच्या सहलीचे तीनशे फोटो उडवले तरी तुमच्या 15 जीबीतला एक एमबीही मोकळा होणार नाही.